ऐकणाऱ्याचं काय झालं

निकाल लागल्या दिवसापासून मास्तरणीला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. आनंद नाही आणि दुःखही नाही. एकाच कागदावर वरून पहिलं नाव तिचं होतं आणि खाली, ‘अनुत्तीर्ण’च्या रांगेत, तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचं. लोकांनी पेढे मागितले, तिने दिले. मैत्रीण रडली, तिने पाठीवरून हात फिरवला. दोन्ही कामं तिने केली खरी, पण कुणी दुसऱ्याची कामं उरकावीत तशी. त्याला आता महिने लोटले, तरी ते बधिरपण काही उतरलं नव्हतं. सकाळी नेमाने डोळे मिटून ती देवापुढे बसायची, नेमाने उठायची. मागायचं काय, तेच आठवत नसे.

फिजिओथेरपीच्या कॉलेजात पहिल्या वर्षी ही दोन टोपणनावं पडली होती. हिला कुठलीही गोष्ट उभं राहून समजावल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणून ही मास्तरीण. आणि समोर बसून ती समजावणं मान डोलावत ऐकायची म्हणून दुसरी नंदी. नंदीबैलाचं नाव मुलीला कसं द्यावं, असा प्रश्न कुणाला पडला नाही, खुद्द नंदीलाही नाही. “माझी मान आणि हिचं तोंड, आमचं दुकान असं भागीत चालतं,” असं ती स्वतःच सांगायची.

आता मास्तरीण दुसऱ्या वर्षाला होती. नंदी अ‍ॅनाटॉमीत राहिली, फेरपरीक्षेतही राहिली, म्हणून पुन्हा पहिल्याच वर्षात, नव्या मुलींबरोबर बसत होती. खोली तेवढी तीच राहिली होती.

परीक्षा महिन्यावर आली तसा विद्यार्थी मंडळाचा सेक्रेटरी मास्तरणीला कँटीनच्या दारात गाठून म्हणाला, “पहिल्या वर्षाच्या ग्रुपवर टाकायला अभ्यासाच्या टिप्स हव्यात. तू लिही.”

“मीच का?”

“पहिली कोण आली? मी? मी लिहिलं तर पोरं कॉलेज सोडून पळतील. दहा मुद्दे लिही, शेवटी एक छानसं वाक्य टाक, झालं.”

“खरं काय उपयोगी पडलं आणि काय नाही, ते लिहू?”

“लिही की. पण वाचून अंगात उत्साह आला पाहिजे. गेल्या वर्षीच्या पोस्टसारखं नको, पहाटे उठा, पाणी प्या. पाणी पिऊन कुणी पास झालंय का?”

मास्तरीण हो म्हणाली. नाही म्हणायला जेवढं बोलावं लागलं असतं, तेवढं बोलायची तिची इच्छा नव्हती.

खोलीवर आली तर नंदी पलंगावर मांडी घालून फोनवर बोलत होती. फोन गादीवर ठेवलेला, आवाज मोठा. पलीकडे तिचा दादा. वडिलांमागे घर आणि टायरचं दुकान दोन्ही ओढणारा, धाकट्या बहिणीवर जीव टाकणारा, पण शब्दाचा पक्का माणूस.

“हे बघ, मी ओरडत नाही,” दादा ओरडत होता. “पण यावेळी नाही झालं तर सामान भर आणि सरळ घरी ये. दुकानात बस माझ्याबरोबर. तिथे काही कमी नाही तुला.”

“टायर बदलू का मी?”

“बदल! निदान बदललेला टायर दिसतो तरी. तुझा अभ्यास मला दोन वर्षं झाली दिसलाच नाही.”

“होईल रे दादा यावेळी. मास्तरीण आहे ना माझ्याबरोबर.”

“ती तर मागच्या वेळीही होती,” दादा म्हणाला. मग त्याने जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

नंदीने फोन उशीखाली सारला. “ऐकलंस ना? टायर. माझ्या नशिबी टायर.” ती हसली, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. “चल मास्तरीण, ब्रेकियल प्लेक्सस सांग. तो दर वर्षी येतो. तू सांगितलंस की मला सगळं स्वच्छ दिसतं.”

खोलीतलं लोखंडी कपाट हाच त्यांचा फळा. त्याच्या पांढऱ्या दारावर मार्करने लिहायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. मास्तरणीने मार्कर उचलला आणि हात आपोआप चालायला लागला. ब्रेकियल प्लेक्सस म्हणजे हाताच्या नसांचं जाळं. मानेतून निघणारी पाच मुळं. वरच्या दोघांचं मिळून एक खोड, मधलं एकटं, खालच्या दोघांचं तिसरं. प्रत्येक खोडाच्या दोन फांद्या, एक पुढची, एक मागची. मागच्या तिन्ही एकत्र आल्या की मागची दोरी, म्हणजे पोस्टिरिअर कॉर्ड. पुढच्यांपैकी वरच्या दोन मिळून बाहेरची, खालची एकटी आतली. आणि त्या दोऱ्यांतून थेट हाताच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा. खांद्यापाशी मार बसला तर कुठली नस गेली, मनगट लटकलं तर कुठली, पंजा वाकडा झाला तर कुठली.

“कळलं?”

“आरशासारखं.” नंदीची मान डोलत होती. डोळ्यांत समाधान होतं, पोट भरल्यावर असतं तसं. “तू ना, कॉलेजात शिकवायला राहा. मॅडमपेक्षा बरं सांगतेस.”

मास्तरणीने फडकं फिरवलं. दार पुन्हा पांढरं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप घेऊन वाचनालयात बसली. काय चाललं नाही, ते लिहायला सोपं होतं. पहिल्या फटक्यात तिने लिहून टाकलं:

‘तीन रंगांचे हायलायटर घेतले होते. महिन्याभरात पुस्तकाची रंगपंचमी झाली. सगळंच महत्त्वाचं झालं, तेव्हा त्यात महत्त्वाचं काय ते उरलं नाही. पुस्तकातलं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून काढलं. त्याने अक्षर सुधारलं, अ‍ॅनाटॉमी नाही. पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री जागले आणि सकाळी सोपी शॉर्ट नोट चुकवून आले. हाडं फक्त चित्रात पाहू नका. हाड हातात घेऊन डावं की उजवं ते सांगता आलं पाहिजे, कारण स्पॉटरला, म्हणजे प्रॅक्टिकलमध्ये ओळखायला, चित्र ठेवत नाहीत. जुने पेपर मात्र खरंच घड्याळ लावून सोडवा. मी नुसते वाचले होते, आणि पहिल्या पेपरात शेवटचा लाँग क्वेश्चन अर्धाच राहिला.’

मग तिने लेक्चरच्या व्हिडिओंबद्दल लिहिलं. ‘व्हिडिओ पाहताना सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर काढून पाहा. काही निघत नाही. कळलं असं वाटणं आणि येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’

हे वाक्य तिने लिहिलं आणि पुढे गेली. आता उपयोगी काय पडलं ते. इथे बोटं थांबली. आपल्याला नक्की कशामुळे आलं? तिने डोळ्यांपुढे पेपर आणले. प्लेक्सस लिहिला, भराभर. गुडघ्याचा सांधा लिहिला, हृदयाचा रक्तपुरवठा लिहिला. तिन्ही कपाटाच्या दारावरचे. फिजिऑलॉजीत किडनी मात्र अडखळत लिहिली होती. किडनी तिने वाचली नव्हती का? चांगली तीनदा वाचली होती. पण ते दिवस नंदी डोळे येऊन घरी गेली होती त्यातले. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून किडनी मनातल्या मनात वाचली गेली.

म्हणजे नंदी समोर होती ते आलं. नंदी नव्हती ते गेलं.

तिने लिहिलं, ‘सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते समजावून सांगणं. पुस्तक मिटून, कुणालातरी समोर बसवून.’ आणि मग तिची नजर दोन ओळी वर गेली. व्हिडिओच्या वाक्यावर. कळलं असं वाटणं आणि येणं.

समोर बसवलेल्या त्या कुणालातरीचं काय झालं?

वाचनालयात पंखे फिरत होते. कुणीतरी खुर्ची ओढली. मास्तरीण पडद्याकडे पाहत बसून राहिली. गेल्या वर्षीची तोंडी परीक्षा तिला आठवली. बाहेर आलेली नंदी भिंतीला टेकून म्हणाली होती, “अगं, सगळं कपाटावरचंच विचारलं. डोळे मिटले तर तुझा हात दिसत होता, सरासरा चाललेला. रेघा काही दिसेनात.” तेव्हा मास्तरणीने घाबरलीस म्हणून असं झालं असं तिला सांगितलं होतं, आणि फेरपरीक्षेसाठी तेच सगळं पुन्हा समजावून दिलं होतं. आणखी छान, आणखी सावकाश. मैत्रिणीचं भलं करायचं म्हणून वर्षभर ती स्वतःचाच अभ्यास पक्का करत बसली होती, आणि नंदी वर्षभर व्हिडिओ पाहत होती, फक्त चालता-बोलता.

वाईट वाटायला हवं होतं. फार वेळ पाय दुमडून बसलं की पायाला चिमटा काढला तरी कळत नाही, तसं काहीसं झालं. तिने लॅपटॉप मिटला आणि खोलीवर गेली.

नंदी तयारच होती. “आज मांडीच्या नसा. कालचा प्लेक्सस एकदम फिट बसलाय डोक्यात.”

“मग काढून दाखव.”

“काय?”

मास्तरणीने मार्कर तिच्या हातात दिला. “प्लेक्सस. कपाटावर. मी बसते तुझ्या जागी.”

“ही काय नवी नाटकं?” नंदी हसत उठली. पाच मुळं तिने झोकात काढली, बाजूला आकडेही घातले. दोन जोडली. मग हात हवेत राहिला. एक रेघ ओढली, तळव्याने पुसली. दुसरी ओढली. “थांब हं... हे खोड... मागची फांदी... अगं, येतं मला. तू फक्त सुरुवात करून दे.”

मास्तरीण पलंगावर मांडी घालून बघत राहिली.

“मास्तरीण, एक शब्द सांग ना. पुढचं मी म्हणते.”

“परीक्षेत एक शब्द सांगायला कोण येणार?”

नंदीने मार्करचं टोपण लावलं. “काय झालंय तुला? काल तर सगळं कळलं होतं.”

“तुला कळलं होतं. मला आलं होतं.” मास्तरणीचा आवाज बातम्या वाचल्यासारखा सपाट होता, आणि तो तसा आहे हे तिलाही ऐकू येत होतं. “मी सांगत गेले म्हणून मला पाठ झालं. तू ऐकत गेलीस म्हणून तुला नुसतं वाटत गेलं. मी आज पोस्ट लिहिताना पाहिलं. जे जे तुला सांगितलं, तेवढंच मी पेपरात नीट लिहिलंय.”

खाली मेसमधून ताटांचा आवाज येत होता. नंदीने कपाटावरच्या त्या अर्ध्या झाडावरून बोट फिरवलं.

“म्हणजे मी तुझी भिंत होते,” ती म्हणाली. “चेंडू मारायची. तू खेळायला शिकलीस, भिंत जागच्या जागी.”

“मला माहीत नव्हतं गं.”

“तुला माहीत असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. आता तेही नाही.” तिने पुस्तक उचललं. “आणि हे आत्ता सांगतेस? परीक्षा तोंडावर आल्यावर? माझ्या दादाला काय सांगू, ऐकण्यात वर्ष गेलं?”

“पोस्टमध्ये हे लिहायचं आहे मला. तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार.”

“लिही ना!” दारात वळून नंदी म्हणाली. “माझ्या वर्गातल्या सगळ्यांना कळू दे. तशीही त्या मला ‘ताई’ म्हणतात आणि मनात म्हणतात, ही दोनदा वाचून नापास झालीय. नाव मात्र घालू नकोस. भिंत लिही.”

ती गेली. मास्तरणीने त्याच बैठकीत पोस्ट पुरी केली. भिंत हा शब्द तिने घातला नाही. हात धजला नाही. तिने लिहिलं:

‘मी समजावून सांगत असे, ते एक मैत्रीण ऐकत असे. मला मार्क मिळाले ते तिच्या कानांमुळे. तिला मिळाले नाहीत, कारण मी तिला कधी बोलूच दिलं नाही. ती समजूतदार होती, मान हलवत होती, आणि मला ते फार आवडत होतं. तुम्ही दोघी मिळून अभ्यास करत असाल तर सांगणारी कोण आणि ऐकणारी कोण हे रोज बदला. जिला येत नाही तिने सांगायचं आणि जिला येतं तिने गप्प बसायचं. गप्प बसणं अवघड आहे. मला अजून जमत नाही.’

शेवटचं छानसं वाक्य तिने लिहिलंच नाही.

सेक्रेटरीचा तासाभरात फोन आला. “अगं, सगळं ठीक आहे, पण तो मैत्रिणीचा परिच्छेद काढ. वाचून पोरं रडतील.”

“नाही काढत.”

“निदान एखादा हसरा चेहरा?”

“तू टाक हवा तर.”

त्याने टाकला नाही. पोस्ट तशीच गेली. ग्रुपवर अंगठे आले, हात जोडलेले आले. एकीने विचारलं, “ताई, ती मैत्रीण कोण?” उत्तर सगळ्यांना ठाऊक होतंच.

त्यानंतर खोलीत बोलणं गरजेपुरतं उरलं. बादली घे, दिवा बंद कर, चावी कुठेय. नंदी सकाळी पुस्तकं काखेत मारून खाली जायची ती जेवायला वर यायची. मास्तरीण आपला दुसऱ्या वर्षाचा अभ्यास उघडून बसे. पानं उलटत, पण डोक्यात काही उतरत नसे. समोरचा पलंग रिकामा असताना कुणाला सांगायचं? एकदा तिने भिंतीला सांगून पाहिलं. भिंतीची मान हलली नाही. दुसऱ्या वाक्यालाच तिने पुस्तक मिटलं.

एका संध्याकाळी ती पाणी भरायला खाली गेली, तर कॉमन रूममधून नंदीचा आवाज आला. दार अर्धं उघडं होतं. पालथ्या घातलेल्या कॅरम बोर्डवर खडूने नसांचं जाळं काढलेलं होतं आणि नंदीसमोर पहिल्या वर्षाच्या तीन मुली बसल्या होत्या. त्यांतली चष्मेवाली, सगळ्यात आगाऊ, म्हणत होती, “नंदीताई, असं नाही. बोटांकडून मानेकडे सांगा. उलटं.”

“उलटं कशाला? पेशंट काय उलटा चालत येतो?”

“चालत येऊ दे नाहीतर लोळत. त्याचा हात लटकलेला असणार, मान नाही. हातावरून वर जावं लागणार ना?”

“हे तुला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच. काल.”

सगळ्या हसल्या. नंदीने खडू कपाळावर टेकवला, डोळे मिटले आणि बोटांकडून निघाली. अडखळली. मागे गेली. पुन्हा निघाली. चष्मेवालीने काही सांगायला तोंड उघडलं, तशी दुसरीने तिला कोपर मारलं, “गप्प! पोस्टमध्ये काय लिहिलंय?”

मास्तरीण दारातून मागे सरकली. बाटली भरायची राहिली ते तिला वर आल्यावर कळलं.

लेखी पेपर झाले. कसे गेले ते नंदीने सांगितलं नाही आणि मास्तरणीने विचारलं नाही. तोंडी परीक्षेच्या दिवशी मात्र मास्तरीण आपला तास बुडवून अ‍ॅनाटॉमीच्या इमारतीखाली पायऱ्यांवर जाऊन बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. वरून फॉर्मॅलिनचा वास येत होता. मुली पांढऱ्या कोटात हाडांची नावं पुटपुटत येरझाऱ्या घालत होत्या.

नंदी दुपारी उशिरा बाहेर आली. मास्तरणीला पाहून थबकली. मग येऊन एक पायरी सोडून बसली.

“बाहेरचे परीक्षक होते,” ती समोर पाहत म्हणाली. “मनगट लटकलेला पेशंट दिला. नसांचं जाळं काढायला कागद पुढे केला.”

“मग?”

तेवढ्यात नंदीचा फोन वाजला. दादा. तिने नेहमीसारखा आवाज मोठा करून फोन मांडीवर ठेवला.

“झालं? पास ना?”

“निकाल लागेल तेव्हा कळेल.”

“म्हणजे सामान भरायचं की नाही तेवढं सांग. मला गाडी काढावी लागेल.”

“दादा, ऐक. मला काय विचारलं ते सांगते तुला.”

“मला? अगं, गिऱ्हाईक उभं आहे.”

“उभं राहू दे. मानेतून पाच मुळं निघतात.”

“बरं,” दादा म्हणाला. पलीकडे कुठेतरी हवा भरण्याच्या यंत्राचा आवाज होता.

नंदी सांगत गेली. हवेत बोटाने रेघा ओढत होती, दादाला त्या दिसणार नाहीत याची तिला पर्वा नव्हती. मुळं, खोडं, फांद्या. आवाज आधी कापरा होता, मग सरळ झाला. मास्तरीण ऐकत होती. तिचा हात मांडीवरच रेघा ओढू पाहत होता, तो तिने दुसऱ्या हाताखाली दाबून ठेवला.

“...आणि मनगट वर उचलणारी नस, रेडियल, ती निघते बाहेरच्या दोरीतून...”

चूक. मास्तरणीचे ओठ विलग झाले. शब्द जिभेच्या टोकावर होता, एकच शब्द. तिने ओठ मिटले. छातीत काहीतरी दुखलं, खरंखुरं, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, आणि ती तशीच बसून राहिली.

“थांब दादा,” नंदी म्हणाली. बोट हवेत थांबलं होतं. “चुकलं. बाहेरची नाही. बाहेरच्या दोरीतून कोपर वाकवणारी जाते. मनगट उचलायचं म्हणजे मागचे स्नायू... मागच्या तिन्ही फांद्या... मागची दोरी. हां. मागची.”

“आत काय सांगितलंस? मागची ना?” दादाने विचारलं.

“आत बरोबर सांगितलं होतं.”

“मग मला चुकीचं का सांगतेस? मी अडाणी म्हणून?”

नंदी हसली. “पुढचं ऐकतोस का?”

“गिऱ्हाईक गेलं,” दादा म्हणाला. “सांग.”